दहाच्या आतले

कंपनीचं पत्रक म्हणजे एकच कागद, पाठपोट छापलेला. पुढच्या बाजूला मोठ्या मॅडमचा संदेश आणि नव्या मशीनचा फोटो, मागच्या बाजूला वाढदिवस, निवृत्त होणाऱ्यांना शुभेच्छा आणि उरलेल्या चौकटीत जे मावेल ते. या खेपेला त्या चौकटीत कर्मचारी पाहणीचे निष्कर्ष बसवायचे होते. जागा होती एकशे वीस शब्दांची. मटार आणि मका गोठवून पिशव्यांत भरणारा कारखाना, दोनशे चाळीस माणसं. त्यांतल्या एकशे अडुसष्ट जणांनी फॉर्म भरून पेटीत टाकले होते, आणि शेवटच्या मोकळ्या जागेत काहींनी असं मन मोकळं केलं होतं की वाचणारीला मध्ये उठून पाणी प्यावं लागलं.

वाचणारी म्हणजे वहिनी. तिला नाव होतं, पगाराच्या चिठ्ठीवर ते छापूनही येत असे, पण तिचा धाकटा दीर कोल्ड स्टोरेजला लागला आणि तिथल्या पोरांनी तिला वहिनी म्हणायला सुरुवात केली. पुढे पॅकिंगवाल्या बायकाही म्हणायला लागल्या आणि शेवटी मोठ्या मॅडमही. कार्मिक विभागात ती बारा कामं करायची, त्यांतलं एक हे पत्रक.

कामाला ती चोख होती. वर्षभरापूर्वीची पाहणी बाहेरच्या कुणीतरी केली होती आणि निष्कर्षात लिहिलं होतं, ‘कर्मचारी एकंदरीत आनंदी आहेत.’ ते वाचून पॅकिंगच्या टेबलावर आठवडाभर हसू पुरलं. ‘काय गं, आनंदी आहेस ना?’ असं विचारून एकमेकींना चिमटे काढत होत्या. तसं आपलं होऊ द्यायचं नाही, एवढं वहिनीनं मनाशी ठरवलं होतं. म्हणून तिनं सगळं रीतसर केलं. ‘सहमत’ आणि ‘पूर्ण सहमत’ या दोन्ही खुणा मिळून ‘हो’ धरले. ‘सांगता येत नाही’ वाल्यांना ना हो मध्ये ढकललं, ना नाही मध्ये. त्यांचा वेगळा रकाना केला. मोकळ्या जागेतल्या मजकुराचे विषयवार गठ्ठे लावले, म्हणजे एखाद्याचं खमंग वाक्य डोळ्यांत भरलं म्हणून ते सगळ्यांचं मत ठरू नये. गेल्या वर्षाशी तुलना केली ती फक्त प्रश्न शब्दाशब्दाला तोच होता तिथं. आणि कुणाचंही वाक्य जसंच्या तसं उचलायचं नाही, कारण कारखान्यात माणूस बोलण्याच्या लकबीवरून लगेच ओळखला जातो.

फॉर्मच्या माथ्यावर ठळक अक्षरांत एक वचन छापलेलं होतं. नाव लिहू नये. आणि ज्या खात्यातून दहापेक्षा कमी फॉर्म येतील, त्या खात्याची उत्तरं वेगळी दाखवली जाणार नाहीत. हे वाक्य वहिनीनंच घातलं होतं. घरीही ऐकवलं होतं. दीर फॉर्म भरायला तयार नव्हता. तो अजून कायम झाला नव्हता, त्याचा कायम होण्याचा कागद त्याच महिन्यात वर जायचा होता.

‘वहिनी, आमच्यात आठच जण आहेत,’ तो म्हणाला होता. ‘आठांत काय लपतंय? थर्मामीटरला वासावरून कळेल.’

थर्मामीटर म्हणजे कोल्ड स्टोरेजचे सुपरवायझर. कुणाच्या अंगात किती ताप आहे हे बघत फिरतात म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव.

‘भाऊजी, दहाच्या आतलं काही बाहेर जात नाही,’ वहिनी म्हणाली. ‘माझा शब्द. तुम्ही भरा, आणि बाकीच्यांनाही सांगा.’

दिरानं सांगितलं. वहिनीचा शब्द म्हणून आठच्या आठांनी फॉर्म टाकले. इतर कुठल्या खात्यातून शंभर टक्के आले नव्हते.

*

पहिला मसुदा वहिनीनं टक्क्यांत लिहिला होता. मोठ्या मॅडमनी तो वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘छान आहे, पण पिठात पाणी जास्त झालंय,’ त्या म्हणाल्या. ‘लोकांना ठोस आकडे हवेत. वरिष्ठांना अडचण सांगता येते का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे ना? मग खातंवार दे. किती जणांनी उत्तर दिलं, किती जण हो म्हणाले.’

‘कोल्ड स्टोरेजचे आठच आहेत, मॅडम.’

‘मग ते सोड. नियम तुझाच आहे.’

वहिनीनं कोल्ड स्टोरेज सोडलं. बाकीची चार खाती लिहिली: उत्पादन, चौऱ्याहत्तरांपैकी पंचेचाळीस हो, पॅकिंग, बावन्नपैकी एकतीस, वाहतूक, वीसपैकी तेरा, कार्यालय, चौदापैकी सात. कार्यालयाचा आकडा सगळ्यांत पडेल होता, म्हणजे तिच्याच खोलीतला, आणि तोही तिनं झाकला नाही. खाली जोडलं, ‘एकूण एकशे अडुसष्टपैकी सत्त्याण्णव.’ मसुदा खातेप्रमुखांना तपासायला पाठवायची पद्धत होती, तशी तिनं पाठवली आणि समाधानानं डबा खाल्ला.

आता यात काय चुकलं हे वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. वहिनीच्या नाही आलं. जो माणूस दिवसभर आकडे झाकण्याचा विचार करतो, त्याला आपण झाकलेलं दिसतच नाही. त्याच्या लेखी ते झाकलेलं असतं, संपलं. इथंच घोडं पेंड खातं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅन्टीनमध्ये थर्मामीटर तिच्या टेबलाशी येऊन बसले. जाड जॅकेटची चेन अर्धी उघडी, हातात चहा. माणूस वाईट होता असं नाही. पण आपल्याबद्दल कोण काय म्हणतं याची त्यांना भूक होती, आणि भूक असलेला माणूस ताटाकडेच बघतो.

‘वहिनी, तुमचा मसुदा वाचला. नीट आहे,’ ते म्हणाले. ‘सात-एक. एक तरी आहे म्हणा की आपल्या बाजूचा.’

‘कसले सात-एक?’

‘अहो, मला काय वजाबाकी येत नाही?’ त्यांनी बोटं मोजायचाही त्रास घेतला नाही. ‘एकूणातून चार खाती काढली की आठ फॉर्म उरतात. सत्त्याण्णवातून शहाण्णव गेले की एक हो. माझ्या खात्यात माझ्याशी मोकळेपणानं बोलता येतं म्हणणारा एकच निघाला. बाकीच्या सातांनी काय दिवे लावलेत ते आलंच त्यात.’

वहिनीचा चहा तोंडापर्यंत नेलेला तसाच खाली आला. चारांची बेरीज तिनं मनात केली. शहाण्णव. पुन्हा केली. शहाण्णवच.

‘मी याबद्दल काही बोलू शकत नाही,’ ती म्हणाली.

‘बोलू नका. मला कळलंय कोण तो.’ ते उठले आणि हसले, अगदी घरच्यासारखे. ‘पोरगं हुशार आहे तुमचं. कागद वर जायचाय याची जाण आहे त्याला. सकाळीच पाठ थोपटली सगळ्यांसमोर. आजपासून त्याला बाहेर ठेवलंय, गाड्या भरण्यावर. उन्हात.’

ते गेले. वहिनी बसून राहिली. वाईट वाटायचं सोडून तिला आधी काय वाटलं असेल, तर हायसं. आपल्या माणसाचं काही बिघडलं नाही. उलट झालं तर भलंच. कागद वर जाईल, पोरगा कायम होईल, आणि ज्या वजाबाकीनं हे झालं ती कुणाच्या ध्यानात येणार नाही. हा विचार किती वेळ तिच्या डोक्यात राहिला हे तिनं नंतर कुणाला सांगितलं नाही, पण तो आला होता, आणि त्याची तिला लाज वाटली.

*

संध्याकाळी दीर घरी आला तो थेट स्वयंपाकघरात. ओट्याला टेकून उभा राहिला. उजवा हात काखेत दाबून धरला होता.

‘हात दाखवा,’ वहिनी म्हणाली.

‘काही नाही. थंडीनं आखडलाय.’

‘तुम्हाला तर आज बाहेर ठेवलं होतं.’

दीर चमकला. ‘तुला कुणी सांगितलं?’

मग त्याच्याकडून एकेक बाहेर पडलं. सकाळी थर्मामीटरनी सगळ्यांना उभं केलं, म्हणाले, आठांत एकच माणूस आहे ज्याला माझ्याशी बोलता येतं, माझ्याकडे हिशेब आहे, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला. डब्याच्या वेळी त्याच्या बाजूची जागा रिकामी राहिली. दुपारी एक माणूस कमी पडला म्हणून त्याला तासाभरासाठी आत बोलावलं.

कोल्ड स्टोरेजचा एक नियम आहे, आणि तो कागदावर नसता तरी पाळला गेला असता. आत जाणारा एकटा जात नाही. दुसरा दाराशी, काचेच्या झरोक्यासमोर उभा राहतो. दाराची आतली मूठ कधी थंडीनं धरून बसते, फिरत नाही, कधी बोटंच चालत नाहीत; आतल्यानं काचेवर थाप मारली की बाहेरच्यानं दार ओढायचं. त्या काचेपलीकडे आपलं माणूस उभं आहे, एवढ्यावर माणूस उणे अठरात पेट्या उचलतो.

‘मी पेट्या लावून वळलो तर काचेत कोणी नाही,’ दीर म्हणाला. ‘मूठ धरून बसलेली. थाप मारली. पुन्हा मारली. मग दोन्ही हातांनी मारली. येऊन उघडलं शेवटी. म्हणाला, जरा लघवीला गेलो होतो.’

‘मुद्दाम?’

‘काय माहीत. तेच तर आहे ना, वहिनी. पूर्वी असा प्रश्न पडत नव्हता.’ त्यानं काखेतला हात काढून बोटं उघडमीट केली. ‘आणि मी हो लिहिलंच नव्हतं. मी नाही लिहिलं होतं. पूर्ण असहमत. पेन रुतेल इतकं दाबून.’

वहिनीनं गॅस बंद केला. चूक कशी झाली ते मग तिनं सांगितलं, चार खात्यांची बेरीज, एकूण, वजाबाकी, सगळं. एक शब्दही मऊ केला नाही.

‘म्हणजे हे तुझ्यामुळे झालं.’

‘हो.’

दिरानं मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही, त्याला एक कल्पना सुचली. ‘मग सोपं आहे. फॉर्म तुझ्या कपाटात आहेत. माझा मी ओळखीन. मोकळ्या जागेत मी मुठीबद्दल लिहिलंय. तो काढ, मी पोरांना दाखवतो. विषय संपला.’

वहिनीला ते इतकं पटलं की तिचा हात किल्लीकडे गेला. फॉर्म त्याचाच, दाखवणारा तोच, यात कोणाचं काय जातं?

मग तिनं पुढचं बघितलं. याचा ‘नाही’ दिसला की ‘हो’ वाला उरलेल्या सातांत आला. ज्या काचेपलीकडे आज कोणी नव्हतं, त्या काचेपलीकडे उद्या त्याच्यासाठी कोणी नसणार. आणि तो कोण, कुठल्या अडचणीत, कुठल्या कारणानं त्यानं हो म्हटलं, की खरोखरच त्याला सुपरवायझर बरा वाटतो, हे कुणीच विचारणार नव्हतं. त्यानंही तिच्याच शब्दावर फॉर्म टाकला होता.

‘नाही देणार,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘तुमचा काढला की दुसऱ्या कुणाचा तरी आपोआप निघतो. ते सातच उरतात, भाऊजी.’

‘आणि मी? माझं काय? आत मी जातो, तू नाही जात.’

दीर न जेवता आपल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. तिचा नवरा कामावरून आला, एकदा भावाच्या बंद दाराकडे आणि एकदा बायकोकडे बघितलं, आणि शहाण्या माणसासारखं काही न विचारता पान वाढून घेतलं.

*

सकाळी ती मोठ्या मॅडमच्या खोलीत गेली ती बसली नाही.

‘मसुदा मागे घ्यायचाय,’ ती म्हणाली. ‘त्यातून एका लहान खात्याची उत्तरं काढता येतात. काढली गेली आहेत. सगळ्या खातेप्रमुखांना तो पुसून टाकायला सांगावं लागेल. छापायला नवा परिच्छेद देते.’

मॅडमना कळायला वेळ लागला नाही. त्यांची नजर संगणकावरच्या मसुद्याकडे वळलेली बघून वहिनी घाईनं म्हणाली, ‘प्लीज, तुम्ही ती उत्तरं काढू नका.’

मॅडमनी नजर परत आणली. ‘आकडे मी मागितले होते,’ त्या म्हणाल्या.

‘दिले मी. झाकायचं काम माझं होतं. आणि अजून एक. माझा दीर त्या खात्यात आहे, त्याचा कागद याच महिन्यात तुमच्याकडे येणार आहे. तेव्हा मी हे कुणासाठी बोलते आहे असं तुम्हाला वाटू शकतं. वाटलं तरी चालेल. पण त्या आठांतल्या कुणाचाही कागद, बढतीचा असो की रजेचा, काही दिवस एकट्या सुपरवायझरच्या शेऱ्यावर ठरू नये. चांगल्या शेऱ्यावरसुद्धा नाही.’

‘चांगल्यावरसुद्धा? दिराचं नुकसान होईल तुझ्या.’

‘होऊ दे.’ वहिनीनं लगेच पुढचा मुद्दा काढला. ‘आणि तिथल्या फ्रीजरच्या दाराची आतली मूठ धरते. ते पत्रकात घालण्याची गोष्ट नाही, ते आजच बघायला हवं. फक्त त्याच दाराची नको. कारखान्यातल्या सगळ्या दारांची तपासणी काढा, म्हणजे कुणी सांगितलं हा प्रश्न येणार नाही.’

मॅडमनी इलेक्ट्रिशियन आणि फिटरला बोलावणं धाडलं. मग नवा परिच्छेद वाचायला घेतला. तो असा होता:

‘दोनशे चाळीसपैकी एकशे अडुसष्ट जणांनी, म्हणजे दहामागे सात जणांनी, पाहणीत भाग घेतला. खालील निष्कर्ष त्यांचे आहेत, सगळ्यांचे नव्हेत. सहकाऱ्यांवर विसंबून राहता येतं, असं पंच्याऐंशी टक्के जण म्हणतात. सर्व प्रश्नांत हे उत्तर सगळ्यांत वरचं आहे. वरिष्ठांना अडचण मोकळेपणानं सांगता येते, असं म्हणणारे साधारण दहापैकी सहा. गेल्या वर्षी ते निम्म्याच्या जरा वर होते, पण तेव्हा फॉर्म भरणारेही कमी होते, त्यामुळे ही सुधारणाच आहे असं ठामपणे म्हणता येत नाही. पाळीचं वेळापत्रक उशिरा कळतं, ही तक्रार सर्वाधिक ठिकाणी आली. कामाच्या जागेच्या सुरक्षिततेबद्दलच्या सूचनांवर तपासणी सुरू आहे. आधी पाठवलेल्या मसुद्यातल्या आकड्यांवरून लहान गटाची उत्तरं ओळखता येत होती. ती चूक कार्मिक विभागाची आहे. तो मसुदा रद्द केला आहे.’

‘शेवटची तीन वाक्यं कशाला?’ मॅडम म्हणाल्या. ‘ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळेल.’

‘ज्यांना माहीत आहे त्यांना, आम्हालाही माहीत आहे हे कळायला हवं. नाहीतर पुढच्या वर्षी पेटीत कोरे कागद येतील.’

‘खातंवार काहीच नाही मग?’

‘खात्याखात्यांत फरक आहे हे प्रत्येक प्रमुखाला वेगळं सांगू, दहाच्या वरच्यांना. पत्रकात नको.’

मॅडमनी पेन उचललं, शेवटच्या वाक्यांवर धरलं, थोडा वेळ तसंच ठेवलं. मग टोपण लावून टाकलं. ‘मशीनचा फोटो लहान कर,’ त्या म्हणाल्या. ‘जागा लागेल.’

*

पत्रक छापून यायच्या आधी, त्याच सकाळी, वहिनी स्वतः कोल्ड स्टोरेजला गेली. पाळी बदलायची वेळ होती, आठही जण दाराबाहेरच्या बाकांवर जॅकेटं चढवत, उतरवत होते. दीर टोकाला एकटा. थर्मामीटर तापमानाच्या तक्त्याशी उभे होते, तिला बघून वळले.

‘सगळ्यांचा थोडा वेळ घेते,’ ती म्हणाली. ‘फॉर्मवर जे लिहिलं होतं ते मी पाळलं नाही. आकडे असे दिले की वजाबाकी करून तुमची उत्तरं काढता आली. तुम्हाला जो हिशेब ऐकवला गेला तो कुणाच्याच कानावर जायला नको होता. चूक माझी आहे, आणि मी तुमच्यासमोर येऊन सांगते आहे.’

एकानं, तोच बहुतेक जो काचेपासून लांब गेला होता, बूट बांधता बांधता विचारलं, ‘मग तुमच्या दिराला गाडीवरचं काम कसं मिळालं?’

‘ते मला नका विचारू. ज्यांनी दिलं ते इथंच उभे आहेत.’

थर्मामीटरनी तक्त्याकडे तोंड फिरवलं. वहिनीचे कान तापले होते, पण आता थांबून उपयोग नव्हता.

‘कुठला फॉर्म कुणाचा हे मला माहीत नाही,’ ती पुढे म्हणाली, ‘आणि मी माहीत करून घेणार नाही. घरच्यांचासुद्धा नाही. घरच्यांनी मागितला तरी नाही. ज्यानं हो म्हटलं त्याला तसं म्हणायचा हक्क होता. ज्यांनी म्हटलं नाही त्यांनाही होता. तो एक कोण, हे कृपा करून शोधू नका. आणि सापडलाय असंही समजू नका.’

फ्रीजरची मोटर तेवढी घरघरत होती. तिला वाटलं, कुणीतरी निदान बरं म्हणेल. कोणी म्हटलं नाही. मग टोकाला दीर उठला, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली आणि तक्त्यापाशी गेला.

‘मला आतलं काम द्या,’ तो म्हणाला. ‘गाडीवर दुसऱ्या कुणाला पाठवा.’

‘कागद वर जायचाय तुझा,’ थर्मामीटर हलकेच म्हणाले.

‘जाऊ दे. आतलं द्या.’

वहिनी तिथून निघाली. मागे वळून बघितलं नाही, कारण काचेसमोर कोण उभं राहतं, किंवा कोणी राहतं की नाही, हे बघायची तिची छाती झाली नाही. दिवसभर तिनं वाढदिवसांची यादी तीनदा चुकवली. फोन वाजला की जीव टांगणीला लागे.

संध्याकाळी दीर आला, हातपाय धुतले आणि पाटावर बसला. कालपासूनचा उपाशी माणूस जेवतो तसा जेवला. ती समोर बसून त्याच्या बोटांकडे बघत राहिली. बोटं नीट वळत होती.

‘मूठ नवी बसवली,’ तो म्हणाला. ‘सगळ्या दारांना. फिटर वैतागला होता.’

‘आणि काचेत?’

‘होता एक जण. न सांगता येऊन उभा राहिला. दुसऱ्या फेरीला त्याची आत जायची पाळी, मी काचेला. तिसऱ्या फेरीला जड पेट्या होत्या म्हणून दोघं आत, बाहेर तिसरा.’ त्यानं भाताचा घास थांबवला. ‘आत असताना त्यानं सांगितलं मला. तो हो कोणाचा, आणि का. वहिनी, कारण असं आहे ना...’

‘मला सांगू नका.’

‘नाही सांगत. कुणालाच नाही.’

‘मग पोरं तुम्हालाच समजत राहतील.’

‘समजू देत.’ त्यानं घास तोंडात घातला, शांतपणे चावला. ‘ज्याला माहीत असायला हवं त्याला माहीत आहे. तो उभा असतो काचेत. बाकीचेही येतील, न येऊन करतात काय.’

वहिनीला रडू आलं. तिनं ते लपवलं नाही, पदरानं डोळे पुसले आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

कायम व्हायचा त्याचा कागद त्या महिन्यात शेऱ्याविना वर गेला आणि लांबला. बाकीच्यांपैकी दोघं अजूनही डब्याला त्याच्याशेजारी बसत नाहीत. आणि तो ‘हो’ कुणाचा होता म्हणाल, तर मला ठाऊक आहे. पण खात्यात माणसं आठ, आणि दहाच्या आतलं सांगायचं नाही.